मोठा कार्यक्रम नको, नेमका श्रोता हवा

नागपुरात एक धंदा असा आहे जो शेजाऱ्याला समजावून सांगता सांगता माणूस दमतो. सेमिनरी हिल्सवर ‘पेसो’चं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आहे. पेट्रोल पंप, सिलिंडरची गोदामं, रुग्णालयांच्या आवारातल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाक्या, खाणीत लागणारी स्फोटकं अशा गोष्टींच्या परवान्यांचा कारभार ही संघटना पाहते. मुख्यालय गावात, म्हणून ते परवाने मिळवून देणारे सल्लागारही गावात तयार झाले. बाहेरगावचा माणूस फाइल घेऊन नागपुरात उतरायचा, कुणाला तरी विचारायचा आणि तुमच्यापर्यंत पोचायचा. आता अर्ज संगणकावरून जातात. पुण्याच्या कारखानदाराला नागपूर स्टेशनवर उतरायची गरज उरलेली नाही, आणि तो उतरत नाही म्हणून तुम्ही त्याला दिसत नाही.

अशा सल्लागारांसाठी हे आवाहन आहे. दुसऱ्यांच्या वेबिनारमध्ये आणि पॉडकास्टमध्ये पाहुणे म्हणून जा. पण आज बहुतेक जण ज्या पद्धतीनं जायला बघतात, त्या पद्धतीनं जाऊ नका. मी उदाहरण पेसोच्या कामाचं घेतो. तुम्ही खाणकामाचे आराखडे करत असाल किंवा संत्र्याच्या बागांना सल्ला देत असाल, तर आपलं काम त्या जागी ठेवून वाचा.

पहिला प्रश्न: जायचं कुठे? पॉडकास्ट म्हटलं की डोळ्यांपुढे ‘अमुक तमुक’, ‘थिंक बँक’, ‘मित्रम्हणे’ अशी नावं येतात. ते कार्यक्रम त्यांच्या जागी चांगले आहेत. पण तिथला श्रोता आयुष्य, करिअर, राजकारण, नाटक-सिनेमा यांवरच्या गप्पा ऐकायला आलेला असतो. तिथं तुम्हाला लाखभर लोकांनी पाहिलं, तरी त्यातल्या किती जणांच्या आवारात डिझेलची टाकी असेल? धंदा बारीक असेल तर कार्यक्रम निवडण्याची कसोटीही तेवढीच बारीक ठेवा. समोर बसलेल्यांपैकी किती जणांना माझ्या कामाची गरज पडू शकते, एवढंच विचारा. वीस जणांचा वेबिनार असेल आणि त्यातले बारा जण रुग्णालयांचे व्यवस्थापक असतील, तर तो तुमच्यासाठी मोठा कार्यक्रम आहे.

असे श्रोते संघटनांकडे असतात. नागपुरात विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींच्या संघटना आहेत, इंडियन मेडिकल असोसिएशनची शाखा आहे, सनदी लेखापालांची शाखा आहे, हॉटेलवाल्यांची आणि बांधकाम व्यावसायिकांची मंडळं आहेत. अशाच संघटना पुण्यात, नाशकात, छत्रपती संभाजीनगरात, कोल्हापुरात आहेत, आणि तुम्हाला नव्यानं पोचायचं आहे ते तिथंच. संघटनांना वर्षभर सभासदांसाठी काही ना काही घ्यावं लागतं. जीएसटी, कामगार कायदे आणि अर्थसंकल्प झाले की विषय संपतात आणि सचिव वक्ता शोधू लागतो. पॉडकास्टमध्येही हाच शोध घ्या. रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी, लघुउद्योजकांसाठी किंवा गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसाठी कुणी नियमित बोलतं का, ते पाहा. वर्गणीदारांची संख्या वाचून निर्णय घेऊ नका. शेवटचे चार-पाच भाग प्रत्यक्ष ऐका. पाहुणे बाहेरचे असतात का, निवेदक तयारीनं प्रश्न विचारतो का, खाली प्रतिक्रिया देणारे लोक त्याच धंद्यातले आहेत का, हे अर्ध्या तासात कळतं. प्रतिक्रियांमध्ये ‘खूप छान’ आणि हात जोडलेली चित्रंच असतील, तर पुढे जा. ‘आमच्याकडे दोन जनरेटर आहेत, आम्हाला हे लागू होतं का?’ असं कुणी विचारलेलं दिसलं, तर तिथं थांबा.

आता विषय. बहुतेकांचं पत्र इथंच पडतं. ‘पेसोचे नियम आणि अनुपालन: एक दृष्टिक्षेप’ असा विषय पाठवला की सचिवाच्या डोळ्यांपुढे जांभया देणारे सभासद उभे राहतात. त्याला अख्खा नियमसंग्रह नको असतो. सभासद घरी जाऊन लगेच तपासून बघतील अशी एक गोष्ट त्याला हवी असते.

डिझेलचंच घ्या. पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा आहे. डिझेल त्यातल्या ‘ब’ वर्गात मोडतं. कलम ७ नुसार, एका ठिकाणी तुमच्या ताब्यातला या वर्गाचा एकूण साठा २,५०० लिटरपेक्षा जास्त नसेल आणि त्यातला कुठलाही भाग १,००० लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात ठेवलेला नसेल, तर साठवणुकीसाठी परवाना लागत नाही. लोकांना पहिला आकडा ठाऊक असतो. दुसरा सहसा नसतो. म्हणून काय होतं? एखादं रुग्णालय २,००० लिटरची एकच टाकी बसवतं आणि ‘आपण अडीच हजारांच्या आत आहोत’ म्हणून निर्धास्त राहतं. प्रत्यक्षात टाकीच मर्यादेपेक्षा मोठी असल्यामुळे ते सवलतीच्या बाहेर गेलेलं असतं. शेजारचा कंत्राटदार २०० लिटरचे बारा ड्रम ठेवतो. त्याचे २,४०० लिटर होतात, तरी तो सवलतीच्या आत बसतो. पण त्यानं तेरावा ड्रम आणला की साठा २,६०० लिटर होतो आणि तोही बाहेर पडतो. शिवाय मोजणी ‘एका ठिकाणी’ होते, त्यामुळे एकाच आवारात दोन इमारतींमागे दोन साठे असतील, तर ते वेगवेगळे धरून चालत नाही.

हा विषय तुम्ही ‘दोन हजार लिटरची टाकी, परवाना हवा की नको?’ एवढ्याच नावानं पाठवा. सचिव वाचेल, आणि बहुधा आधी आपल्याच कारखान्यामागची टाकी आठवेल. त्यालाच उत्तर माहीत नसेल, तर निमंत्रण येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. विषय निवडताना तीन गोष्टी पाहा: ऐकणाऱ्याकडे ती वस्तू किंवा अडचण खरोखर असावी, त्याची समजूत निम्मी बरोबर आणि निम्मी चूक असावी, आणि तुमचं उत्तर पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं असावं. उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं आपोआप होतात.

वेळही विषयाबरोबर जुळवा. विदर्भात एप्रिल-मे म्हणजे वीज जाण्याचे आणि जनरेटर चालण्याचे दिवस. डिझेलचं पत्र तेव्हा पोचलं तर उशीर झालेला असतो, कारण संघटनांचे कार्यक्रम महिना-दीड महिना आधी ठरतात. फेब्रुवारीच्या अखेरीस पाठवा. रुग्णालयांच्या संघटनेला ऑक्सिजनच्या टाकीवर बोलायचं असेल, तर तोही विषय त्यांच्या आठवणीत आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन वीसहून जास्त रुग्ण दगावले, हे कुठलाही रुग्णालय व्यवस्थापक विसरलेला नाही. पण अशा घटनेचा उल्लेख पत्रात करायचाच असेल, तर एका ओळीत आणि गंभीरपणे करा. मृत्यूचा आकडा पुढे करून स्वतःची गरज पटवणाऱ्या माणसाला लोक ओळखतात, आणि त्याला पुन्हा बोलावत नाहीत.

आता पत्र. ते फोनच्या पडद्यावर एका नजरेत मावावं. पुण्याच्या एका औद्योगिक संघटनेच्या सचिवांना लिहायचं असेल, तर असं लिहा:

“नमस्कार. मी नागपुरात पेसोच्या परवान्यांचं काम करतो. आपल्या संघटनेनं मागच्या महिन्यात वीजखंडित काळातल्या नुकसानीवर घेतलेली चर्चा ऐकली. तीत दोन सभासदांनी मोठ्या डिझेल टाक्या बसवल्याचं सांगितलं. त्यावरून एक विषय सुचवतो: ‘दोन हजार लिटरची टाकी, परवाना हवा की नको?’ एकूण साठ्याची आणि एका टाकीची मर्यादा वेगवेगळी आहे, आणि दुसरी बहुतेकांना माहीत नसते. वीस मिनिटं मी बोलेन, वीस मिनिटं प्रश्न घेता येतील. सभासदांना आपापला साठा तपासता येईल असा एका पानाचा तक्ता देईन. मानधन नको, सेवेची जाहिरातही करणार नाही. याआधी बोललेल्या एका कार्यक्रमाची दोन मिनिटांची ध्वनिफीत सोबत आहे. मार्च महिन्यात सोयीचा दिवस असेल तर कळवावं.”

या पत्रात काय आहे ते पाहा. त्यांचा कार्यक्रम तुम्ही खरंच ऐकला आहे, हे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच दिसतं. ते खोटं लिहू नका, एका प्रश्नात उघडं पडतं. स्वतःबद्दल एकच वाक्य आहे. विषय, वेळ, सभासदांच्या हाती काय पडेल आणि पुरावा, एवढंच बाकी आहे. वक्ता म्हणून तुम्ही कसे आहात हे सचिवाला कळायला हवं, म्हणून ती दोन मिनिटांची ध्वनिफीत पदव्यांच्या यादीपेक्षा जास्त कामाची. आधी कुठंच बोलला नसाल, तर फोनवर तोच मुद्दा बोलून ध्वनिमुद्रित करा आणि ‘नमुना म्हणून’ असं स्पष्ट लिहून पाठवा. बारा पानांची माहितीपत्रिका, नेत्यांबरोबरचे फोटो आणि ‘कोणत्याही विषयावर मार्गदर्शन करू शकेन’ हे वाक्य, या तिन्ही गोष्टी वगळा.

पत्र अध्यक्षांच्या नावे पाठवलं की ते अभिनंदनाच्या पत्रांत हरवतं. कार्यक्रम ठरवणारा माणूस शोधा. तो सचिव असतो, एखाद्या उपसमितीचा निमंत्रक असतो, आणि बऱ्याचदा कार्यालयात बसणाऱ्या ताई असतात. कार्यालयात फोन करून ‘वेबिनारचं कोण पाहतं?’ असं विचारलं की नाव मिळतं. पॉडकास्टसाठी निवेदकापेक्षा निर्मात्याला लिहा. पत्र मेलनं पाठवा, मग त्याच व्यक्तीला व्हॉट्सॲपवर दोन ओळींत कळवा. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करून द्या. दुसऱ्यांदा देऊ नका. एकाच मजकुराचं पत्र पंचवीस संघटनांना, सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असं धाडणारे लोक आहेत. गावोगावच्या संघटनांचे सचिव एकमेकांना ओळखतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

होकार आला की चार गोष्टी लेखी विचारून घ्या. कार्यक्रम थेट आहे की ध्वनिमुद्रित, भाषा मराठी की हिंदी, किती वेळ, आणि ध्वनिमुद्रण तुम्हाला मिळेल का व ते तुम्ही वापरू शकता का. वेळेचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण छोट्या संघटना झूमच्या फुकटच्या खात्यावर सभा घेतात आणि ती ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. प्रश्नोत्तरं रंगात आलेली असतात आणि पडदा काळा पडतो. आधी माहीत असेल, तर पंधरा मिनिटांत बोलणं उरकून उरलेला वेळ प्रश्नांना देता येतो.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी चारचा कार्यक्रम असेल, तर तुमचा सगळ्यात मोठा वैरी कूलर आहे. खोलीतल्याला त्याची सवय झालेली असते, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्यामागे तो घरघर करताना ऐकू येतो. ध्वनिमुद्रण सकाळी आठला ठेवा, किंवा तेवढा वेळ कूलर बंद करून घाम पुसत बसा. वायरचा साधा इयरफोन लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरा. खोलीत पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलं की आवाज घुमत नाही. वीज गेली तर फोनवरून जोडता यावं म्हणून बैठकीचा दुवा आधीच फोनमध्ये ठेवा.

बोलताना उत्तर आधी, कारण नंतर. ‘दोन हजार लिटरची एकच टाकी असेल तर परवाना लागतो’ हे पहिलं वाक्य. कलम, वर्ग आणि अपवाद त्यानंतर. जनरेटरलाच जोडलेल्या टाकीतल्या इंधनासाठी कायद्यात वेगळी सवलत आहे, हा अपवाद कुणी ना कुणी विचारणारच, तेव्हा त्याचं उत्तर तयार ठेवा. परवाना लागत नाही म्हणजे अग्निसुरक्षेतून सुटका झाली असं नव्हे, हेही सांगा. नाही तर तुमचं नाव घेऊन कुणीतरी जिन्याखाली ड्रम रचेल. आकडे सावकाश आणि दोनदा सांगा. नियम बदलतात आणि ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षं राहतं, म्हणून ‘आज अमुक महिन्यातली ही स्थिती आहे’ असं तोंडानं म्हणा. ग्राहकाचं नाव घेऊ नका, ओळखू येईल अशी खूणही देऊ नका. चौकशी सुरू असलेल्या दुर्घटनेबद्दल निवेदकानं विचारलं, तर नियम काय म्हणतो तेवढं सांगा, कोण चुकलं ते सांगू नका. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर ‘बघून कळवतो’ म्हणा आणि दोन दिवसांत खरंच कळवा. सचिवाच्या लक्षात हेच राहतं.

जाहिरात करणार नाही असं पत्रात लिहिलं आहे, तर ते पाळा. मग ग्राहक येणार कसा? त्या एका पानाच्या तक्त्यातून. त्यात सभासदानं स्वतः भरायचे चार रकाने ठेवा: आवारात किती टाक्या किंवा ड्रम आहेत, सगळ्यात मोठ्या टाकीची क्षमता किती, एकूण साठा किती, आणि साठा कुणाच्या नावे आहे. खाली तुमचं नाव आणि फोन. तक्ता तुमच्या व्हॉट्सॲप गटात सामील होण्याच्या अटीवर देऊ नका, सचिवाकडे द्या आणि त्यालाच वाटू द्या. ज्याचा दुसरा रकाना १,००० च्या किंवा तिसरा २,५०० च्या पुढे जाईल, त्याच्याकडे तुमचा फोन नंबर आहे. बाकीच्यांना तुमची गरज नाही, आणि ते त्यांनाही कळलेलं असेल.

पैशांचं सांगायला हवं. काही पॉडकास्टवाले पाहुण्याकडून ‘सहभाग शुल्क’ मागतात. ती जाहिरात आहे. द्यायचीच असेल तर जाहिरातीच्या हिशेबानं द्या, आणि ती मोबदल्याची असल्याचं कार्यक्रमात सांगितलं जाईल याची खात्री करा. तुम्ही स्वतः सनदी लेखापाल किंवा वकील असाल, तर काम मागण्यावर तुमच्या व्यवसायाची आचारसंहिता बंधनं घालते. माहिती देणं वेगळं आणि ‘माझ्याकडे या’ म्हणणं वेगळं. आधी ते नियम वाचा आणि ओळखीचा मजकूर निवेदकाला लिहून द्या, म्हणजे तो भारावून तुमची जाहिरात करणार नाही.

कार्यक्रमानंतर फोन येईल त्याला एकच विचारा: कुठे ऐकलंत? उत्तर वहीत लिहा. किती जणांनी पाहिलं ते मोजू नका. ज्यांच्याकडे खरोखर टाकी होती असे किती फोन आले, ते मोजा. परवान्याच्या कामात माणूस ऐकल्याबरोबर येत नाही. नवी टाकी बसवायची असते, तपासणी येते किंवा विमा कंपनी कागद मागते, तेव्हा तो येतो. म्हणून एका कार्यक्रमावरून निकाल लावू नका, पण एकाच प्रकारच्या चार-पाच संघटनांकडे बोलूनही सहा महिन्यांत एकही कामाचा फोन आला नाही, तर दोष श्रोत्यांच्या निवडीत आहे असं समजा आणि दुसऱ्या धंद्याच्या संघटनेकडे वळा. विषय तोच ठेवा. औद्योगिक संघटनेनं दाद दिली नाही, म्हणून टाकीचा प्रश्न हॉटेलवाल्यांना पडलेला नसेल असं नाही.

गेल्या वर्षभरात ग्राहकांनी तुम्हाला फोनवर पुन्हा पुन्हा विचारलेला एक प्रश्न आज कागदावर लिहा. तो प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्या एका संघटनेचं नाव त्याच्यासमोर लिहा. कार्यालयाचा नंबर शोधा, आणि उद्या अकरा वाजता फोन करून विचारा: वेबिनारचं कोण पाहतं?